स्वप्नातली नाडी : एका करवती आलेखाचा मागोवा

दादा गेला तो पहाटे, झोपेत. सकाळी वहिनी चहा घेऊन उठवायला गेली तेव्हा त्याला जाऊन तास-दोन तास झाले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. भेटायला आलेला प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता : "झोपेतच गेला, भाग्यवान म्हणायचा." मी मान हलवत होतो, पण मनात दुसराच प्रश्न घोळत होता. चांगली सहा-सात तास विश्रांती घेत पडलेलं हृदय असं अचानक थांबतं कसं?

या गोष्टीला दोन वर्षं होऊन गेली. गेल्या फाल्गुनात पुतण्यानं, म्हणजे दादाच्याच मुलानं, माझ्या मनगटावर नाडी मोजणारा पट्टा बांधला. "काका, आता तुमच्यावर लक्ष ठेवणार मी," म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या फोनवर माझ्या रात्रीचा आलेख पाहिला आणि पोटात गोळाच आला. मला वाटलं होतं, झोपलेल्या माणसाची नाडी एका संथ रेषेत जात असेल. इथे तर सुताराच्या करवतीसारखे दात होते आणि पहाटेकडे ते अधिकच दाट होत गेले होते. दादा गेला ती हीच वेळ.

माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. वैद्यकाशी संबंध एवढाच की जुनी वैद्यकीय नियतकालिकं वाचायचा मला पंचवीस वर्षांपासून नाद आहे. भीती वाटली की माणसं देवळात जातात, मी जुन्या अंकांत जातो. तसाच गेलो, आणि सगळ्यात आधी भेटला तो स्कॉटलंडमधला एक प्राध्यापक. माझाच प्रश्न त्यानं शंभर वर्षांपूर्वी विचारला होता.

*

जॉन अलेक्झांडर मॅकविल्यम हे अ‍ॅबर्डीन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक. १८८९ साली त्यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक धाडसी मत मांडलं होतं. अचानक होणाऱ्या मृत्यूंत हृदय दर वेळी थकून थांबतंच असं नाही. अनेकदा त्याच्या खालच्या कप्प्यांचे स्नायू ताल सोडून नुसते थरथरू लागतात, रक्त पुढे ढकललंच जात नाही, आणि माणूस जातो. आज ही गोष्ट वैद्यकाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. त्या काळी मात्र तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

याच मॅकविल्यम यांनी १९२३ मध्ये त्याच नियतकालिकात झोप आणि स्वप्नं यांतल्या रक्तदाबावर व हृदयाच्या वागण्यावर लेख लिहिला. रक्तस्राव, छातीतली कळ आणि आकस्मिक मृत्यू यांच्याशी त्याचा काय संबंध, हा प्रश्न त्यांनी लेखाच्या शीर्षकातच घातला होता. झोप हा हृदयाचा विसावा असेल, तर माणसं झोपेत का मरतात? त्यांचं उत्तर असं की झोप एका जातीची नसते. एक शांत झोप, तिच्यात रक्तदाब उतरतो आणि नाडी मंदावते. दुसरी अस्वस्थ, स्वप्नांनी ढवळलेली झोप, तिच्यात दाब आणि नाडी उसळी घेतात. अंथरुणात निश्चल पडलेल्या माणसाच्या हृदयावर त्या वेळी श्रमाचा बोजा पडलेला असू शकतो.

या शोधाची मर्यादाही तिथेच दिसते. मॅकविल्यम यांच्याकडे दाबपट्टी होती आणि जागं झाल्यावर स्वप्न सांगणारा माणूस होता. माणूस स्वप्नात असतानाचं एकेक मिनिट पकडण्याचं साधन मात्र नव्हतं. स्वप्न कधी सुरू झालं आणि कधी संपलं, हे बाहेरून कळायचं कसं?

नाडीचा अर्धा प्रश्न थोड्याच वर्षांत सुटला. अमेरिकेतल्या अर्न्स्ट बोआस आणि अर्न्स्ट गोल्डश्मिट यांनी प्रत्येक ठोका आपोआप मोजणारं यंत्र वापरलं आणि १९३२ मध्ये हृदयाच्या गतीवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. छातीला जोडलेल्या लांब तारा घेऊन माणसं जेवत, बोलत आणि झोपतही. झोपेतले ठोके कागदावर आले. पण त्यातले कुठले ठोके स्वप्नातले, हे त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं.

*

ती खूण सापडली ती १९५१ च्या डिसेंबरमध्ये, शिकागो विद्यापीठात, एका आठ वर्षांच्या मुलाच्या पापण्यांखाली. युजीन असेरिन्स्की हा तिथला संशोधक विद्यार्थी. हाताशी पैसा नाही आणि यंत्र म्हणाल तर तळघरात पडून असलेलं एक जुनं. त्याला आपल्याच मुलाच्या, आर्मंडच्या, डोक्याला आणि डोळ्यांभोवती तारा चिकटवून तो रात्रभर बसला. मूल गाढ झोपलं होतं, पण मधूनच यंत्राच्या लेखण्या जोरजोरात हलू लागत. डोळे जागेपणी फिरावेत तसे बंद पापण्यांखाली झपाझप फिरत होते. आधी त्याला वाटलं, यंत्र बिघडलं. त्याचे मार्गदर्शक नॅथॅनियल क्लाइटमन यांचाही विश्वास बसेना. त्यांनी आपल्या मुलीला, एस्थरला, झोपवून स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करून घेतली.

त्यांचा लेख १९५३ च्या सप्टेंबरमध्ये 'सायन्स'मध्ये आला. तो जेमतेम दोन पानांचा आहे. डोळे फिरत असताना २७ वेळा माणसांना उठवलं, तेव्हा २० वेळा त्यांनी तपशीलवार स्वप्न सांगितलं. डोळे शांत असताना २३ वेळा उठवलं, तर १९ वेळा काहीच आठवेना. हे आकडे सगळीकडे उद्धृत होतात. त्याच लेखातल्या दुसऱ्या निरीक्षणाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही : डोळ्यांच्या या धावपळीत श्वास जलद होतो आणि नाडीही सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. मॅकविल्यम यांना हवी असलेली खूण तीस वर्षांनी सापडली होती. पुढे या झोपेला डोळ्यांच्या जलद हालचालींवरून, इंग्रजी आद्याक्षरं जोडून, 'रेम' असं नाव पडलं. मी तिला स्वप्ननिद्रा म्हणतो. स्वप्नं इतर झोपेतही पडतात, पण इतकी भरगच्च क्वचितच.

दहा टक्के म्हणजे साठाची नाडी सहासष्ट झाली. एवढ्यानं करवत कशी होईल? याचं उत्तर १९६४ मध्ये फ्रेडरिक स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं. त्यांनी रात्रभराचा श्वास, नाडी आणि रक्तदाब मिनिटामिनिटाला तपासला. स्वप्ननिद्रेतली सरासरी इतर झोपेपेक्षा थोडीच वर होती. खरा फरक होता तो या मिनिटाचा आकडा आणि पुढच्या मिनिटाचा आकडा यांमधल्या अंतरात. गाढ झोपेत नाडी एकसारखी, तर स्वप्ननिद्रेत क्षणात वर, क्षणात खाली. सरासरी पाहणाऱ्याला स्वप्ननिद्रा दिसतच नाही, ती चढउतारात दिसते.

हे दात पडतात कशामुळे? हृदयाला दोन लगाम आहेत. व्हेगस नावाची मज्जा त्याला सावकाश चालवते, तर अनुकंपी मज्जातंतू त्याला टाच मारतात. गाढ झोपेत पहिला लगाम घट्ट असतो. स्वप्ननिद्रेत मेंदूच्या बुंध्यातून लहरी उठतात, त्यांच्याबरोबर डोळे फिरतात आणि अनुकंपी तंतूंना झटके बसतात. काही सेकंदांसाठी नाडी उसळते आणि परत खाली येते. अमेरिकेत किर्बी आणि व्हेरियर यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस कुत्र्यांवर प्रयोग केले. हृदयाकडे जाणाऱ्या अनुकंपी तंतूंच्या गाठी काढून टाकल्या, तेव्हा स्वप्ननिद्रेतल्या उसळ्या नाहीशा झाल्या. माणसांत हेच १९९३ मध्ये आयोवा विद्यापीठात व्हिरेंड सोमर्स यांनी दाखवलं. निरोगी तरुणांच्या पायाच्या मज्जातंतूत केसासारखी सुई ठेवून त्यांनी झोपेत त्या तंतूंचा आवेग मोजला. गाढ झोपेत तो जागेपणीच्या निम्म्याहून कमी झाला आणि स्वप्ननिद्रेत जागेपणीच्या दुपटीच्या वर गेला.

ते सगळे निरोगी होते, हे पुन्हा वाचा. मीही ते वाक्य तीनदा वाचलं. करवतीचे दात हा मुळात निकोप मज्जासंस्थेचा नियम आहे. उलट बीटाब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांत, किंवा जुन्या मधुमेहानं हृदयाच्या मज्जा निकामी झालेल्यांत, हे दात बोथट होतात. सपाट रेषा म्हणजे शांत झोप असा अर्थ नेहमीच काढता येत नाही.

*

मग मॅकविल्यम चुकले का? पूर्ण नाही. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात मिळतं. नाडी उसळली की तो विसावा आखडतो. धमनी मोकळी असेल तर ती रुंदावते आणि प्रवाह वाढवून वेळ निभावून नेते. किर्बी आणि व्हेरियर यांच्या निरोगी कुत्र्यांत नेमकं असंच झालं. धमनी कृत्रिमरीत्या अरुंद केल्यावर मात्र त्याच उसळीच्या वेळी प्रवाह घटला. उसळी तीच, धमनी वेगळी. १९६५ मध्ये रात्री छातीत कळ येऊन जागे होणाऱ्या चार रुग्णांची झोप नोंदवली गेली होती. त्यांच्या ३९ कळांपैकी ३२ स्वप्ननिद्रेत आल्या होत्या.

तरीही एकूण हिशेब झोपेच्या बाजूनंच पडतो. मध्यरात्र ते सकाळी सहा हा दिवसाचा चौथा हिस्सा; मृत्यूला वेळेचं भान नसतं तर या काळात पंचवीस टक्के झटके यायला हवे होते. १९९७ च्या एका मोठ्या आढाव्यात हृदयविकाराचे झटके वीस टक्के आणि हृदयामुळे आलेले आकस्मिक मृत्यू पंधरा टक्क्यांच्या आसपास निघाले. म्हणजे झोप बहुतेकांना जपते.

*

एवढं वाचून मी माझ्या आलेखाकडे परतलो. फोनवरचं चित्र पाच-पाच मिनिटांची सरासरी काढून रंगवलेलं होतं. पुतण्याकडून मिनिटामिनिटाचे आकडे मागून घेतले आणि सहा रात्रींचे आलेख आलेखकागदावर हातानं काढले. त्यातली एक रात्र सांगतो.

अकरा वाजून वीस मिनिटांनी झोप लागली, तेव्हा नाडी ६६ होती. तासाभरात ती ५६ वर उतरली आणि जवळजवळ हललीच नाही. एकच्या सुमाराला, म्हणजे झोप लागल्यापासून दीड-पावणेदोन तासांनी, पहिला खरबरीत तुकडा दिसला, तो फक्त आठ-नऊ मिनिटांचा. मग पुन्हा सपाटी. अडीचला दुसरा तुकडा वीस मिनिटांचा, चारला तिसरा अर्ध्या तासाचा, आणि पावणेसहापासून उठेपर्यंत चौथा, सगळ्यात लांब. या तुकड्यांत आकडे ५७, ६४, ५८, ७१, ६० असे उड्या मारत होते. मधल्या सपाटीत ५४ ते ५६. स्वप्ननिद्रेचा पुस्तकातला क्रमही असाच आहे : साधारण दीड-दीड तासानं येते, पहिली खेप आखूड आणि शेवटची लांब. पहाटे दात दाट होण्याचं कारण दादाची वेळ नव्हती. स्वप्नांची मोठी खेपच पहाटे असते.

या करवतीत दोन दात मात्र वेगळे होते. दोन वाजून दहा मिनिटांनी एकदम ८१ आणि पाच वाजता ७९. दोन्ही एकटे, सपाटीच्या मधोमध उभे. पट्ट्याच्या हालचालीच्या नोंदीत त्या मिनिटांना ठळक खूण होती. पहिल्या वेळी मी कूस बदलली असणार, दुसऱ्या वेळी तर उठून पाणी प्यायल्याचं मलाच आठवत होतं. दोन्हींतला फरक मला इथे समजला. स्वप्ननिद्रेत मान, हात आणि पाय यांचे स्नायू जवळजवळ लुळे पडलेले असतात. फ्रान्सच्या मिशेल जुव्हे यांनी १९५९ मध्ये मांजरांत ते दाखवून दिलं. म्हणून हालचालीची नोंद कोरी असूनही नाडी खरबरीत झाली, तर स्वप्ननिद्रेचा संशय घ्यावा. हालचालीसकट एकटा दात आला, तर तो कूस बदलल्याचा.

'संशय' हा शब्द मुद्दाम वापरला. फोनवर त्याच तुकड्यांवर जांभळ्या रंगात 'रेम' असं छापलेलं होतं आणि पुतण्या म्हणाला, "बघा काका, तोच सांगतोय की!" मी त्याला बखरींचं उदाहरण दिलं. दोन बखरींत एकच प्रसंग सापडला की आपण म्हणतो, दुजोरा मिळाला. नंतर कळतं की दुसरी पहिलीवरून उतरवून घेतली होती. पट्ट्याला डोळे किंवा मेंदू दिसत नाहीत. हिरवा प्रकाश कातडीतून पाठवून तो नाडी मोजतो, हालचाल मोजतो, आणि नाडी खरबरीत असताना शरीर निश्चल दिसलं की बहुतांशी त्यावरूनच 'रेम' असा अंदाज करतो. त्याच शिक्क्यावरून दात स्वप्नाचे ठरवणं म्हणजे एकाच साक्षीदाराला दोनदा उभं करणं. खरा निवाडा हवा तर असेरिन्स्कीसारखंच डोक्याला आणि डोळ्यांना तारा लावाव्या लागतात.

*

इथवर येऊन मला हायसं वाटायला हवं होतं. पण वाचता वाचता दुसरी एक करवत सापडली, आणि ती दादाच्या अंथरुणापर्यंत जाते.

१९८४ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तियान गिलेमिनो यांनी 'लॅन्सेट'मध्ये झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांच्या नाडीबद्दल लिहिलं. घशाची वाट मिटते, छाती धडपडते पण हवा आत जात नाही, आणि नाडी मंदावत जाते. मग मेंदू क्षणभर जागा होतो, मोठा घुरका घेऊन श्वास सुरू होतो आणि नाडी झेप घेते. पुन्हा वाट मिटते. साधारण अर्ध्या ते दीड मिनिटाची ही फेरी रात्रभर शेकडो वेळा चालू शकते. या करवतीचे दात सुतारानं मोजून पाडल्यासारखे एकसारख्या अंतरावर असतात. स्वप्नाचे दात वेडेवाकडे असतात, तुकड्यातुकड्यानं येतात आणि मध्ये सपाटी सोडतात. श्वास अडणाऱ्याची सपाटीच हरवलेली असते. अर्थात स्वप्ननिद्रेत घशाचे स्नायूही ढिले पडत असल्यानं काहींचा श्वास फक्त त्याच तुकड्यांत अडतो; तिथे दोन्ही करवती एकमेकींवर चढतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की मनगटावरच्या आलेखात ही दुसरी करवत बहुधा दिसतच नाही. मिनिटाची सरासरी काढली की मिनिटाच्या आतला चढ आणि उतार एकमेकांना खाऊन टाकतात, पाच मिनिटांच्या सरासरीत तर काही उरतच नाही. ज्यानं घाबरावं त्याचा आलेख गुळगुळीत दिसू शकतो आणि ज्याची झोप उत्तम त्याचा खरबरीत.

२००५ मध्ये झोपेची तपासणी झालेल्या आणि पुढे हृदयामुळे अचानक गेलेल्या ११२ जणांच्या मृत्यूच्या वेळा अमेरिकेत तपासल्या गेल्या. अभ्यास करणाऱ्यांत तेच सोमर्स होते. ज्यांचा श्वास झोपेत अडत नव्हता, त्यांच्यातले २१ टक्के मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात गेले होते. श्वास अडणाऱ्यांतले ४६ टक्के. झोप ज्या वेळात इतरांना जपते, त्याच वेळात या माणसांना सर्वाधिक धोका होता.

हे वाचलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. मी वहिनीला फोन केला. दादाच्या घोरण्याची आमच्या घरात नेहमी थट्टा व्हायची. लग्नकार्यात त्याच्या खोलीत झोपायला कुणी तयार नसे. मी विचारलं, "वहिनी, दादा घोरताना मध्येच थांबायचा का?"

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "थांबायचे की. मी मोजायची. वीस-वीस आकडे व्हायचे, मग एकदम घुरका. मला वाटायचं, तेवढाच मला झोपायला वेळ."

दादा दुपारी दुकानात बसल्याबसल्या पेंगायचा. रक्तदाबाच्या तीन गोळ्या चालू असून दाब उतरत नव्हता. या तीन गोष्टी कुणी एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवल्या नाहीत. त्यात मीही आलो. तो त्यामुळेच गेला, हे आता सिद्ध करता येणार नाही. शवविच्छेदन झालं नव्हतं, झोपेची तपासणी तर कधीच नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला पुरावा नसलेल्या जागी थांबायची सवय असते. तिथे थांबणं यावेळी जड गेलं.

मी माझे सहा कागद घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेख बाजूला ठेवून आधी बायकोला विचारलं, हे घोरतात का, श्वास थांबतो का. मग चोवीस तासांचा हृदयालेख काढला, कारण पट्टा ठोके मोजतो, ताल नीट ओळखत नाही. माझा ताल रात्रभर नियमित निघाला, आणि पहाटेचे दात जसेच्या तसे होते.

पुतण्याचा पट्टा मी अजून वापरतो. पण त्याला सांगितलंय, लक्ष ठेवायचं तर माझ्या आलेखावर नको, स्वतःच्या घोरण्यावर ठेव. शरीरयष्टी त्यानं बापाची घेतलीय, मानही तशीच आखूड आणि जाड. आधी हसण्यावारी नेलं त्यानं. मग सूनबाई म्हणाली, "काका, यांचापण थांबतो मधेमधे." पुढच्या आठवड्यात तो झोपेची तपासणी करून घ्यायला गेला. रात्रभर तारा लावून झोपवलं त्याला, डोक्याला आणि डोळ्यांभोवतीसुद्धा. तासाला सरासरी चौतीस वेळा श्वास अडत होता. आता तो रात्री नाकावर हवेच्या दाबाचं यंत्र लावून झोपतो.

त्याच्या आधीच्या रात्रींचे मनगटी आलेख मी मागून पाहिले. माझ्यापेक्षा कितीतरी गुळगुळीत होते.